म्युनिकहून नाशिकला आलेलं घड्याळ

आईच्या मनगटावर ६.४१२ असा आकडा होता आणि त्याच्याखाली Schritte असं काहीतरी लिहिलेलं होतं. सकाळी गोदाकाठी फिरून आल्यावर तिने मला तो दाखवला आणि विचारलं, "सहा पॉइंट चार काय? किलोमीटर का? एवढी तर मी चालले नाही." ते किलोमीटर नव्हते, पावलं होती. सहा हजार चारशे बारा. जर्मनीत हजाराच्या जागी टिंब देतात आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम, आपल्या अगदी उलट. त्यामुळे त्याच घड्याळात चाललेलं अंतर ४,३ असं दिसत होतं आणि पावलं ६.४१२ अशी.

ताई म्युनिकला असते. तिने आईसाठी तिथेच अ‍ॅपल वॉच घेतलं आणि त्यासोबत स्वतःचा जुना आयफोनही दिला, कारण हे घड्याळ आयफोनशिवाय चालूच होत नाही. दोन्हींची जोडणी तिने तिथे बसून केली, आईच्या नावाचं खातं फोनमध्ये घातलं आणि मग ती जोडी नाशिकला पाठवली. फोनची पहिली भाषा जर्मन होती आणि प्रदेश जर्मनी. घड्याळाने दोन्ही गोष्टी निमूट उचलल्या होत्या.

परदेशात घेतलेल्या घड्याळाबद्दल जो घोळ होतो त्याचं मूळ इथेच आहे, असं मला वाटतं. लोक समजतात, घड्याळ जर्मनीत विकत घेतलं म्हणून ते जर्मन बोलतं. तसं नाही. हेच घड्याळ खोक्यातून काढून नाशिकमधल्या, इंग्रजी भाषा आणि भारत प्रदेश असलेल्या आयफोनला जोडलं असतं, तर त्याने पहिल्या दिवसापासून इंग्रजीत आणि आपल्या पद्धतीने आकडे दाखवले असते. भाषा, तारखेची मांडणी, आकड्यांची विरामचिन्हं, आठवड्याचा पहिला वार, तापमानाचं एकक हे सगळं ते फोनकडून घेतं. दुकान कुठल्या देशात होतं याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून घड्याळाची भाषा बदलायची तर आधी हातात फोन घ्यायचा.

आता न कळणाऱ्या भाषेतून बाहेर कसं पडायचं? जर्मन निदान रोमन लिपीत आहे. जपानी किंवा कोरियन असतं तर अक्षरंही ओळखीची नसती. पण चित्रं सगळीकडे तीच असतात. राखाडी दातेरी चाक म्हणजे सेटिंग्ज. त्याच्या आत पुन्हा एक राखाडी दातेरी चाक दिसतं, ते म्हणजे जनरल. जर्मनमध्ये पहिल्याचं नाव Einstellungen, दुसऱ्याचं Allgemein. जनरलच्या यादीत खाली गेलं की Sprache & Region सापडतं. इथे एक फार चांगली सोय केलेली आहे: भाषांची यादी उघडली की प्रत्येक भाषेचं नाव तिच्या स्वतःच्या लिपीत दिसतं. English हे English असंच, हिन्दी हे देवनागरीत, 日本語 जपानी लिपीत. फोन कुठल्याही भाषेत अडकलेला असो, आपली भाषा आपल्याला ओळखता येते. ज्या कुणी हे पहिल्यांदा ठरवलं त्याने परक्या भाषेत अडकलेल्या माणसाचा विचार केला होता, हे नक्की.

त्या पानावर पसंतीच्या भाषांची एक क्रमवार यादी असते. ताईच्या फोनमध्ये वर Deutsch होतं, खाली English. English वर बोट दाबून धरून ते वर ओढलं की फोन विचारतो, भाषा बदलायची का. हो म्हटलं की पडदा थोडा वेळ काळा होतो आणि सगळं इंग्रजीत उघडतं. आईने आजवर फोन इंग्रजीतच वापरला आहे, त्यामुळे तिला तेच हवं होतं. मराठी आम्ही यादीत दुसऱ्या क्रमांकावर घातली. तिचा उपयोग असा, की ज्या अ‍ॅपमध्ये मराठी आहे आणि इंग्रजी नाही, ते मराठी दाखवतं. शिवाय मराठी कळफलकही हाताशी येतो. मावशीचे देवनागरीतले निरोप घड्याळावर दिसायला मात्र यातलं काहीच लागत नाही. देवनागरी टंक घड्याळात असतोच, भाषा कुठलीही निवडलेली असो. ज्या घड्याळात हा टंक नसतो तिथे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, आणि तसं दिसलं तर तो भाषेच्या सेटिंगचा प्रश्न नाही हे ओळखावं. कितीही भाषा बदलल्या तरी ते चौकोन जाणार नाहीत.

फोन इंग्रजी झाला तरी घड्याळ लगेच इंग्रजी होत नाही. ब्लूटूथवरून निरोप पोचायला आणि घड्याळाला आपले सगळे शब्द बदलून घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ दोन्ही जवळ ठेवायची, घड्याळ चार्जरवर असेल तर उत्तमच. पुरेसा वेळ देऊनही ते जुन्याच भाषेत राहिलं, तर त्याच्यासाठी कुणीतरी वेगळी भाषा निवडून ठेवलेली असते. फोनमधल्या वॉच अ‍ॅपमध्ये My Watch, मग General, मग Language & Region असं गेलं की दिसतं: तिथे Custom निवडलेलं असेल तर घड्याळ फोनचं अनुकरण करत नाही, त्या यादीतलीच भाषा धरून बसतं. हीच जागा उलट्या गरजेलाही उपयोगी पडते. फोन एका भाषेत आणि घड्याळ दुसऱ्या भाषेत ठेवायचं असेल तर ते इथूनच करता येतं, फक्त ती भाषा फोनच्या यादीत आधी असावी लागते.

भाषा झाली, पण पावलं अजून ६.४१२ च होती. हे सांगायलाच हवं, कारण इथे बरेच जण थांबतात आणि मग आकडे विचित्र दिसतात म्हणून घड्याळ बिघडलं असं समजतात. भाषा आणि प्रदेश एकाच पानावर असले तरी त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जर्मनीत राहून इंग्रजी वापरणारी लाखो माणसं आहेत. त्यांना शब्द इंग्रजी हवेत, पण तारीख, आकडे आणि वेळ तिथल्या रिवाजाप्रमाणे. म्हणून प्रदेश वेगळा निवडावा लागतो. Region मध्ये India केलं आणि पावलं ६,४१२ झाली, अंतर ४.३ झालं. भारत प्रदेशात लाखाचा आकडाही आपल्यासारखा लिहिला जातो, १,००,००० असा. जर्मनीत तोच १००.००० दिसला असता.

हे रिवाज कुठून येतात याचं मला कुतूहल होतं. युनिकोड ही संस्था जगभरच्या प्रदेशांच्या सवयींचा एक मोठा साठा सांभाळते, त्याला सीएलडीआर म्हणतात. फोन आणि घड्याळं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तोच वापरतात. त्यात प्रत्येक देशापुढे नोंद आहे: वेळ बारा तासांची की चोवीस तासांची, आठवडा कुठल्या वारी सुरू होतो, सुट्टीचे दिवस कोणते. जर्मनी, ब्रिटन, जपान यांच्यापुढे चोवीस तास आहेत. भारत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांच्यापुढे बारा. भारताचा आठवडा रविवारी सुरू होतो, भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा, आणि जर्मनीचा सोमवारी. आठवड्याची सुट्टीही आपल्यापुढे एकट्या रविवारचीच नोंदलेली आहे, शनिवार नाही. नाशिकच्या बाजारपेठेत दुकान चालवणाऱ्या कुणालाही हे पटेल. मराठीसाठी तिथे देवनागरी अंक हे मूळचे धरलेले आहेत, तर हिंदीसाठी रोमन. म्हणूनच ज्यांचा अँड्रॉइड फोन मराठीत असतो त्यांना वेळ १०:३० अशी देवनागरीत दिसते आणि शेजारच्याच्या हिंदी फोनवर रोमन आकडे असतात.

या नोंदीचा परिणाम आमच्या घरी त्या दिवशीच दिसला. प्रदेश भारत होताच वेळ बारा तासांवर आली. संध्याकाळी आई म्हणाली, "हे काय, सहा वीस? मघाशी अठरा वीस दिसत होतं ते बरं होतं की."

आई नाशिकरोड स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीत बसायची. आयुष्यभर तिने वेळ चोवीस तासांतच वाचली आणि लिहिली. रेल्वेचं वेळापत्रक, तिकीट, गाडीचा तक्ता, सगळं त्याच मापात. मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांचं तिकीट देताना ती खिडकीतून आवर्जून सांगायची, "पंधरा तारखेची ००:१० म्हणजे चौदाची रात्र. चौदाला जेवून निघा, पंधराला रात्री आलात तर गाडी गेलेली असेल." असं चुकलेली माणसं तिने खूप पाहिली होती, लेकरंबाळं आणि वळकट्या घेऊन दुसऱ्या रात्री फलाटावर आलेली. "बारा वाजून दहा" असं म्हटलं की कुठल्या दिवसाचे बारा हे मनातच ठरवावं लागतं. "शून्य दहा" म्हटलं की नवा दिवस सुरू झाल्याचं आकडाच सांगतो. तिच्या दृष्टीने चोवीस तासांचं घड्याळ ही परदेशातून आलेली रीत नव्हतीच. ती तिच्या कामाची भाषा होती.

म्हणून मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. प्रदेश निवडला की त्याच्याबरोबर वेळेची एक रीत आपोआप येते, पण ती देशाच्या नावाने बांधून घ्यायचं काही कारण नाही. प्रदेश भारतच ठेवून वेळ चोवीस तासांची करता येते. अ‍ॅपल वॉचवर सेटिंग्ज उघडायची, Clock वर जायचं आणि 24-Hour Time चालू करायचं. फोनमधल्या वॉच अ‍ॅपमध्येही My Watch खाली Clock आहे, तिथेही हेच बटण मिळतं. आयफोनचं स्वतःचं बटण निराळं: Settings, General, Date & Time, आणि तिथे पुन्हा 24-Hour Time. फोनवर चालू केलं तरी घड्याळावरचं वेगळं तपासावं. हे दोन्ही वेगळे असल्याचा आम्हाला फायदाच झाला, त्याबद्दल पुढे सांगतो.

आईसारखा अनुभव नसलेल्यांनीही घड्याळ चोवीस तासांवर ठेवून पाहावं असं मी म्हणेन, आणि त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. मनगटावरच्या छोट्या पडद्यावर जागा कमी असते, त्यामुळे अनेक डायलांवर एएम-पीएम दाखवतच नाहीत. सहा वीस म्हणजे नुसते सहा वीस. खिडकीबाहेर पाहून सकाळ की संध्याकाळ हे कळतंच, त्यामुळे वेळ पाहताना अडत नाही. अडतं गजर लावताना. समजा, बाबांच्या दुपारच्या गोळीचा गजर साडेबाराला लावायचा आहे. बारा तासांच्या रीतीत दुपारचे साडेबारा पीएम असतात आणि रात्रीचे एएम, आणि भल्याभल्यांचा इथे गोंधळ होतो, कारण सकाळचे अकरा वाजून गेले तरी एएमच चालू असतं. चुकीचं निवडलं तर दुपारी गजर वाजतच नाही आणि मध्यरात्री सगळं घर जागं होतं. चोवीस तासांत पर्याय फक्त १२:३० आणि ००:३० असे दोन, त्यात चुकायला जागाच नाही. ज्यांना बाराच तास आवडतात त्यांनी गजर लावून झाल्यावर गजरांच्या यादीत एकदा नजर टाकावी. डायलवर नसलं तरी यादीत एएम-पीएम लिहिलेलं असतं.

ताईशी बोलण्याची वेळ ठरवतानाही हे कामाला आलं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, बाकीच्या काळात साडेचार तास. उन्हाळ्यात तिचे २०:३० म्हणजे आपले बरोबर ००:००, तारीख बदलण्याचा क्षण. बाबांच्या वाढदिवसाला तिला ठोक्याला फोन करायचा होता. ती म्हणाली, साडेआठला करते. आईने घड्याळाच्या डायलवर म्युनिकची वेळ लावून घेतली आहे, त्यामुळे तिला मनात बेरीज करावी लागली नाही. २०:३० समोर ००:०० दिसले की झालं. घड्याळ पुढेमागे करण्याचा तो जर्मन दिवसही तिला लक्षात ठेवावा लागत नाही, ते आपोआप होतं.

आता त्या गोष्टींकडे येतो ज्या भाषेच्या किंवा प्रदेशाच्या सेटिंगने बदलत नाहीत. वर सांगितलेला प्रदेश हा फक्त दाखवण्याच्या पद्धतीचा आहे. त्याखेरीज अ‍ॅपलच्या खात्यालाही देश असतो. अ‍ॅप स्टोअरमध्ये कुठली अ‍ॅप मिळतील हे त्यावर ठरतं. तो बदलायचा तर खात्यातली शिल्लक संपवावी लागते, चालू वर्गण्या बंद कराव्या लागतात आणि नव्या देशातलं पैसे भरण्याचं साधन द्यावं लागतं. आईचं खातं ताईने सुरुवातीपासूनच भारताचं काढलं होतं, त्यामुळे तिला बँकेचं आणि रेल्वेचं अ‍ॅप सहज मिळालं. भाषा आणि प्रदेश बदलूनही एखादं भारतीय अ‍ॅप सापडत नसेल, तर बहुतेक वेळा खात्याचा देश परका असतो.

आणि तिसरा देश असतो तो यंत्राचा. ते कुठल्या बाजारात विकायला बनवलं गेलं, हे त्याच्या भाग क्रमांकावर लिहिलेलं असतं. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण अमेरिकेतलं आहे. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण मोजण्याच्या तंत्रावरून मासिमो या कंपनीशी अ‍ॅपलचा पेटंटचा वाद झाला आणि तिथल्या व्यापार आयोगाने अशा घड्याळांच्या आयातीवर बंदी घातली. त्यानंतर १८ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या घड्याळांत ही सोय बंद केली गेली. ती घड्याळं ओळखायची खूण म्हणजे भाग क्रमांकाच्या शेवटी असलेली LW/A ही अक्षरं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी ती नव्या रूपात परत आली: मोजणी घड्याळ करतं, हिशेब जोडलेला आयफोन करतो आणि आकडा आरोग्याच्या अ‍ॅपमध्ये दिसतो. पण त्याआधीच्या काळात न्यूजर्सीतून घड्याळ आणून कुणी प्रदेश भारत केला असता, तरी ती सोय सुरू झाली नसती. तेच मॉडेल मुंबईत घेतलं असतं तर ती असती. ईसीजीचं गणित वेगळं आहे, तिथे देशाची परवानगी लागते, आणि ती भारतात सप्टेंबर २०१९ पासून आहे. आईचं घड्याळ एसई आहे, त्यात हे दोन्ही नसतातच, आणि तिला ते नकोही होते.

भाग क्रमांक पाहायचा तर वॉच अ‍ॅपमध्ये General, मग About, आणि तिथे Model समोर पाहायचं. एम ने सुरू होणारा क्रमांक हा विक्रीचा. त्यावर बोट टेकवलं की ए ने सुरू होणारा मॉडेल क्रमांक दिसतो. जुनं घड्याळ विकत घेताना हे दुकानातच पाहून घेता येतं.

बाकीच्या घड्याळांचंही साधारण असंच आहे. गूगलची वेअर ओएस प्रणाली असलेली घड्याळंही भाषा फोनकडूनच घेतात, पण चीनच्या बाजारासाठी बनलेल्या वेअर ओएस घड्याळात गूगलचं प्ले स्टोअरच नसतं आणि ते सेटिंगमधून आणता येत नाही. गार्मिनची पद्धत वेगळी आहे. तिथे भाषा आणि वेळेची रीत घड्याळाच्याच सिस्टम मेनूत असते, आणि वेळेसाठी बारा, चोवीस आणि सैनिकी असे तीन पर्याय मिळतात; सैनिकी म्हणजे मध्ये दोन टिंबं नसलेले चार आकडे. गार्मिन आशियाई बाजारांसाठी वेगळी आवृत्ती काढतं आणि तिच्यातल्या भाषांची यादी वेगळी असते. जपानहून एखादं घड्याळ मागवताना त्याच मॉडेलची जपानी माहितीपुस्तिका उघडून, आपल्याला हवी ती भाषा तिच्यात आहे ना, एवढं आधी पाहावं.

आमच्याकडे शेवटी असं ठरलं. आईचं घड्याळ चोवीस तासांवर, भाषा इंग्रजी, प्रदेश भारत, आठवडा रविवारपासून. फोन मात्र बारा तासांवर, कारण तो जेवणाच्या टेबलावर पडलेला असतो आणि बाबा जाता-येता त्याच्यावरच वेळ पाहतात. त्यांना अठरा वीस वाचून सहा वीस करणं आवडत नाही. दोन बटणं वेगळी असल्याने दोघांचंही भागलं. आता पुण्याची आत्या ताईकडे तसंच घड्याळ मागते आहे. तिच्याकडे आयफोन आधीच आहे, तोही इंग्रजी आणि भारत असा. मी ताईला सांगितलं, या वेळी तू जोडणी करू नकोस, खोकं न उघडताच पाठव.